अनुभव धागा: स्वस्तातला थ्रीडी प्रिंटर, तीन महिन्यांनंतर

जुळे सोलापूर (धागाकर्ता)
फेब्रुवारीत घेतलेला, खाट पुढेमागे सरकणारा, २२० बाय २२० मिलिमीटरचा थ्रीडी प्रिंटर तीन महिने जवळपास रोज चालवल्यानंतर हे लिहितो आहे. आवाजाविषयी माझी मोठी तक्रार होती. पण मोटारी बऱ्यापैकी शांत आहेत आणि खरा त्रास दोन गोष्टींचा आहे, हे हळूहळू लक्षात आले. एक म्हणजे नोझलजवळच्या छोट्या पंख्याची अखंड घरघर, आणि दुसरी म्हणजे टेबलातून खालच्या मजल्यापर्यंत जाणारा हादरा. हादऱ्यावर उपाय सापडला. घरात उरलेली शहाबादी फरशी प्रिंटरखाली ठेवली आणि फरशीखाली जाड फोम घातला, तेव्हापासून खालच्या काकूंनी एकदाही दार वाजवलेले नाही.

खाटेने मात्र दमवले. यंत्रमागाच्या कांड्या ठेवण्यासाठी १८० मिलिमीटर रुंदीचा ट्रे छापत होतो. चारही कोपरे कागद सरकवून नीट लावले, तरी मधल्या भागात पहिल्या थराच्या रेषा सुट्या सुट्या पडत आणि बोट फिरवले की निघून येत. शेवटी खाटेवर स्टीलची पट्टी उभी धरून खाली फिलर गेज घातला, तर मध्यभागी ०.२५ मिलिमीटरची पाती आत गेली. पहिला थरच ०.२ मिलिमीटरचा असताना तो तिथे चिकटणार तरी कसा? अशा खाटेवर आपण काय केले, ते कृपया लिहावे.

होटगी रोड
सेन्सर बसवा, प्रश्न मिटला. मी दुसऱ्याच महिन्यात बसवला आणि त्यानंतर कोपऱ्यांच्या स्क्रूंना हातसुद्धा लावलेला नाही.

अक्कलकोट रोड, एमआयडीसी
आमच्या कारखान्यात चोवीस माग चालतात, त्यामुळे या यंत्राचा आवाज मला आवाज वाटतच नाही. माझी अडचण निराळी आहे. वीज गेली आणि परत आली की छपाई पुढे सुरू होते, पण तोवर खाट गार होऊन वस्तू सुटलेली असते. त्यावर कोणाकडे काही उपाय आहे का?

सात रस्ता (टूलरूममध्ये बावीस वर्षे)
होटगी रोडच्या मित्रांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. सेन्सर खाट सपाट करत नाही. खाटेचा खड्डा मोजून नोझलला त्या खड्ड्यामागे वरखाली नेतो. त्यामुळे पहिला थर चिकटतो, पण ट्रेचा तळ खाटेचाच आकार घेतो. कांड्यांच्या ट्रेला पाव मिलिमीटरने काही बिघडत नाही. सपाट बसणारी झाकणे किंवा जोडभाग छापणार असाल, तर बिघडते.

धागाकर्त्यांनी गेज थंड खाटेवर लावला असावा, असे वाटते. खाट ६० अंशांवर नेऊन पंधरा मिनिटे तशीच ठेवा आणि मग मोजा, कारण तापल्यावर ॲल्युमिनियमची पाटी आपला आकार थोडा बदलते. त्याआधी खाट दोन्ही हातांनी धरून हलवून पाहा. ती डुलत असेल, तर खालच्या चाकांचे एक्सेंट्रिक नट सैल आहेत. ते सैल असताना सेन्सरचे मोजमाप दर वेळी वेगळे येते आणि माणूस उगाच सेन्सरला दोष देतो.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. मार्लिन फर्मवेअरमध्ये बहुधा `G28` दिल्यावर साठवलेली जाळी बंद होते. म्हणून स्लायसरच्या सुरुवातीच्या कोडमध्ये हा क्रम असावा:

```
M190 S60
G28
M420 S1
```

शेवटची ओळ राहिली, तर सेन्सर बसवूनही जुनाच दोष दिसत राहतो.

विजापूर रोड
मी सेन्सर न घेता जाड सपाट काच क्लिपांनी बसवली. काच कडांवर टेकते आणि मधला खड्डा झाकला जातो. मात्र वरचा पृष्ठभाग तापायला बराच वेळ लागतो, आणि मोठी वस्तू काढायची तर काच पूर्ण थंड होईपर्यंत थांबावे लागते. पीईआयची लवचीक स्टीलपाटी काढायला सोयीची असली, तरी ती चुंबकावर बसून खालच्या खड्ड्याप्रमाणे वाकते, असा माझा अनुभव आहे.

पंख्याबद्दलही सांगते. मी शांत पंखा घेतला, पण तो १२ व्होल्टचा होता आणि यंत्र २४ व्होल्टचे. व्होल्टेज उतरवणारे छोटे सर्किट मध्ये जोडले, तेव्हा तो चालला. घरघर खरोखर थांबली. एप्रिलमध्ये दुपारी मात्र एक्स्ट्रूडर टक् टक् वाजू लागला. कमी हवेमुळे उष्णता वर चढून पीएलए नोझलच्या आधीच मऊ होत होता आणि अडकत होता. आता जुनाच पंखा परत लावला आहे आणि मोठी कामे रात्री लावते.

जुळे सोलापूर (धागाकर्ता)
गरम खाटेवर पुन्हा मोजले. खड्डा ०.२५ वरून ०.१५ वर आला आणि एक नटही सैल निघाला. तो आवळल्यावर ट्रेचा मधला भाग चिकटला, डाव्या कोपऱ्यात मात्र रेषा अजून सुट्या आहेत. सेन्सर तूर्त घेत नाही, आधी काच लावून पाहतो. ताई, आपली काच किती मिलिमीटर जाडीची आहे?