मदत हवी आहे: बारावी बोर्ड आणि पायलटची थिअरी, वेळापत्रक कसं बसवू?

सातारकर_१७: नमस्कार. मी बारावी सायन्सला आहे, राज्य मंडळ. 22 जूनला 18 पूर्ण होतील. सीपीएल, म्हणजे कमर्शियल पायलट लायसन करायचंय. बाबांची अट एकच, बोर्डात फिजिक्स-मॅथ्स खाली जाता कामा नये. कॉलेज 7 ते 1.30, संध्याकाळी दोन तास क्लास. नेव्हिगेशन, मेट म्हणजे हवामान, रेग्युलेशन्स आणि टेक्निकल अशी चारही पुस्तकं सीनियर दादाकडून आणली. जुलैपासून रोज एका विषयाचा एक तास असं फिरवतेय. आता ऑगस्ट संपत आला आणि पहिल्या आठवड्यातलं काहीच आठवत नाही! बोर्ड फेब्रुवारीत. काय चुकतंय?

गाडीवाला_नाना: बाळा, एवढं कशाला? आरटीओची लर्निंगची परीक्षा एका रात्रीत होते. चिन्हं पाठ कर, बास.

सातारकर_१७: नाना, विमानाचं लायसन 😅

गाडीवाला_नाना: अरे देवा. मग माझं ऐकू नकोस.

कोकणचा_वारा: 18 होईपर्यंत काही करता येत नाही. आत्ता बोर्ड कर, पुस्तकं मार्चनंतर उघड.

ग्राउंडवाले_काका: वारा, अर्धं बरोबर. 18 ची अट सीपीएल हातात पडण्यासाठी आहे. स्टुडंट पायलट लायसन 16 ला, पीपीएल, म्हणजे खासगी पायलटचं लायसन, 17 ला मिळतं. पण बोर्ड आधी, हे मान्य.

मुली, चारही विषय एकदम फिरवतेस, तिथेच चुकतंय. रेग्युलेशन्स निव्वळ पाठांतर आहे. ऑगस्टला पाठ केलेलं फेब्रुवारीत गळून जाणारच, शिवाय मधे नियम बदलले तर जुनं विसरायचीही मेहनत. ते पुस्तक मार्चपर्यंत कपाटात टाक. नेव्हिगेशन मात्र पोहण्यासारखं, हाताला सवय लागावी लागते. ते आत्ताच धर.

दिवाळीपर्यंत आठवड्यात चार दिवस पाऊण तास नेव्हिगेशन, दोन दिवस मेट. रविवारी यातलं काही नाही. टेक्निकलला वेगळा वेळ नको: कॉलेजात द्रवांचे गुणधर्म चालू असताना पंखाचं उत्थापन वाच, विद्युतचुंबकीय प्रवर्तन आलं की मॅग्नेटो, म्हणजे इंजिनात ठिणगीसाठी वीज देणारं यंत्र. बर्नुली एकदाच समजून घे, दोन्हीकडे चालतो.

दिवाळीनंतर रोज फक्त वीस मिनिटं, दोन गणितं आणि एक मेटार, म्हणजे विमानतळाचा हवामान अहवाल. प्रॅक्टिकल सुरू झाली की शेवटचा पेपर होईपर्यंत सगळं बंद. खरा जोर त्यानंतरच्या तीन महिन्यांत, आणि तेव्हाच रेग्युलेशन्स.

सातारकर_१७: वीस मिनिटांत दोन गणितं होतील? मला एकालाच पंधरा लागतात.

ग्राउंडवाले_काका: कुठलं ते सांग.

सातारकर_१७: ट्रॅक 090, वेग 120 नॉट, वारा 360 वरून 20 नॉट. हेडिंग काढा. मी साइन घेऊन 9.6 अंश काढले आणि 100 लिहिलं. उत्तर 080 आहे.

ग्राउंडवाले_काका: गणित बरोबर, दिशा चुकली. वारा जिथून येतो ती दिशा देतात. इथे तो उत्तरेकडून, म्हणजे तुझ्या डाव्या हाताकडून येतोय आणि तुला उजवीकडे ढकलतोय. म्हणून नाक डावीकडे, वाऱ्यात घालायचं: 090 वजा 10, झालं 080. आणि साइन कशाला? वारा बरोबर आडवा आहे, तर 20 ला 60 ने गुण, 120 ने भाग, सरळ 10. साइन बोर्डाच्या पेपरात वापर. इथे आधी छोटं चित्र काढ, मग आकडे. प्रीलिमपर्यंत असं गणित दोन मिनिटांत आलं नाही तर मेटचे दोन्ही दिवस नेव्हिगेशनला दे. नुसती उत्तरं जुळतात म्हणून फसू नकोस, वेळ लावून बघ.

मुंबईची_मावशी: मेटारचं माझ्या मुलावरून सांगते. वेळेपुढे Z असतो, त्यात साडेपाच तास मिळवायचे. 1040Z म्हणजे आपले दुपारचे 4.10. तो महिनाभर तसंच 10.40 वाचत बसला होता. आणि अभ्यासाआधी मेडिकल करून घे गं. रंगांधळेपण निघालं तर एवढी मेहनत कुठे न्यायची?

ग्राउंडवाले_काका: अगदी खरं. क्लास 2 मेडिकल आधी, दिवाळीच्या सुट्टीत उरकून टाक.

कोकणचा_वारा: डीजीसीएच्या परीक्षेला लागणारा कॉम्प्युटर नंबरही आत्ताच काढ, दहावीवर मिळतो.

मुंबईची_मावशी: आमच्याकडे बारावीची गुणपत्रिका मागितली होती.

कोकणचा_वारा: माझ्या भावाला पीपीएलसाठी दहावीवर मिळाला.

ग्राउंडवाले_काका: ती सीपीएल म्हणतेय. वाद नको, मुली, pariksha.dgca.gov.in वर सूचना स्वतः वाच. आणि उत्तीर्ण व्हायला 70 टक्के लागतात, बोर्डासारखे 35 नव्हेत.

सातारकर_१७: 70 चं माहीत होतं, बाबांना नव्हतं. 😐 रेग्युलेशन्स कपाटात टाकलं. काका, कॉलेजात फिजिक्सचे सर धडे मागेपुढे घेतात, प्रवर्तन जानेवारीत येईल म्हणे. तेव्हा तर वीस मिनिटंच आहेत. मग मॅग्नेटो मार्चमध्ये ढकलू?

ग्राउंडवाले_काका: ढकल. पळून जात नाही तो.