रोकड वहीची बँक बाजू आणि चालू खात्याचा उतारा

‘इतवारीतल्या दुकानाच्या वहीत ३१ मार्चला बँकेत ४८,२०० रुपये, उताऱ्यात ५५,४६४. ७,२६४ चा फरक थेट वहीत टाकून मिळवून घेऊ का?’

कृपया तसे करू नका, कारण हा एक फरक नसून तीन फरकांचा मिळून झालेला आकडा असू शकतो. या दुकानाच्या वहीत असेच झाले होते: ठोक व्यापाऱ्याला २९ मार्चला दिलेला १२,००० चा धनादेश त्याने एप्रिलमध्ये वटवला आणि ग्राहकाचा ३१ ला भरलेला ४,५०० चा धनादेश दुसऱ्या दिवशी जमा झाला. हे दोन्ही फरक केवळ तारखांचे असल्याने त्यांची नवी नोंद करायची नसते. जुळवणीपत्रकात दाखवून एप्रिलच्या उताऱ्यात त्यांवर खूण करायची. धनादेश तीन महिन्यांत वटलाच नाही, तर मात्र तो बाद होतो आणि नोंद उलटवावी लागते.

उरलेले २३६ रुपये खरे वहीतून सुटलेले: रोख भरणा शुल्क २०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ३६. त्यांची नोंद केल्यावर वहीत ४७,९६४ उरतात. त्यात १२,००० मिळवून ४,५०० वजा केले, की ५५,४६४ येतात.