मदत हवी आहे: कथेतल्या आजीचा 😂 कसा निस्तरू?

एक छोटी कथा लिहितेय आणि शेवटाला अडकलेय. आजी नातवाच्या फोनवरून बहिणीशी चॅट करायला शिकते. अक्षरं जमतात, घोळ होतो तो चिन्हांचा. बहीण लिहिते, "गुडघा धरलाय, जिना चढवत नाही." आजी कळवळून तीन 😂 पाठवते. तिला दिसतात फक्त डोळ्यांतले टपोरे थेंब. एवढ्याशा चित्रातलं उघडं तोंड तिला हुंदकाच वाटतं. पलीकडे मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा येतात आणि मग दोन दिवस शांतता.

नातू चित्र मोठं करून दाखवतो: 😂 मध्ये डोळे मिटून कमानीसारखे होतात आणि थेंब कोपऱ्यांत असतात, 😭 मध्ये गालांवरून सरळ धारा. आजी म्हणते, "हसताना कुणी एवढं रडतं का रे?" (हा प्रश्न मला रास्तच वाटतो.)

आता अडचण. फोन नातवाचा, म्हणजे बहिणीच्या स्क्रीनवर ते हसू नातवाच्या नावाने गेलंय. मेसेज सगळ्यांसाठी डिलीट केला तरी डिलीट केल्याची ओळ तिथे उरते, आणि वाचून तर झालाच आहे. हे आजीच्या आधी लक्षात यावं की नातवाच्या? की बहिणीनेच फोन करून त्याला झापावं? तुमच्या घरात अशी गफलत झाली असेल तर ती कशी उघडकीला आली, तेही सांगा.