प्रतिसाद: अँटिबायोटिक का नाही दिलं?

>> "चार महिन्यांचं बाळ, ब्रॉन्किओलायटिस सांगितलाय, पण डॉक्टर अँटिबायोटिक देत नाहीयेत, दुसरीकडे दाखवू का?"

तुमचे डॉक्टर बरोबर आहेत हो. हा आजार व्हायरसचा, बहुतेकदा आरएसव्ही, त्यात फुफ्फुसातल्या अगदी बारीक नळ्या सुजतात आणि चिकट कफाने बुजतात, आणि अँटिबायोटिक मारतं फक्त बॅक्टेरियाला, त्यामुळे सूज काही उतरत नाही, उलट जुलाब लागतात ते वेगळंच. एक्सरेत न्यूमोनियाचा पक्का संशय वगैरे असेल तरच ते देतात.

आमच्या भाचीचं सांगते, तीही चार महिन्यांचीच होती. पहिले दोन दिवस नुसती सर्दी, तिसऱ्या दिवशी घरघर (तिसरा ते पाचवा दिवस सगळ्यात वाईट असतो). एरवी १२० मिली पिणारी पोर ५० वर तोंड फिरवायला लागली, कारण नाक बंद, धाप लागलेली, मग चोखणार कशी? सकाळपासून लंगोट कोरडा. वहिनीने झोपेत झबलं वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले तर ६८, आणि प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता. लगेच अ‍ॅडमिट केलं, ऑक्सिजन आणि नाकातून नळीने दूध, बस्स. चौथ्या दिवशी घरी.

तर दूध निम्म्यावर आलं, १२ तास शू नाही, श्वास साठच्या वर किंवा खड्डा पडतोय, तर त्याच दिवशी दाखवा. श्वास मध्येच थांबला, ओठ निळे पडले, कण्हतंय किंवा उठवूनही जागं होत नाहीये, तर थेट इमर्जन्सी. खोकला मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळतो.