मासिक चक्रवाढ: फरक कुठे पडतो

"दर वर्षाला 12 टक्केच आहे ना, मग व्याज महिन्याला धरलं काय नि वर्षाला धरलं काय?"

आमच्या पतसंस्थेच्या सभेत मी यावर एक लाखाच्या कर्जाचा हिशेब मांडला होता. वर्षाअखेर एकदाच आकारणी झाली तर व्याज 12,000. मासिक आकारणीत पहिल्या महिन्याचे 1,000 मुद्दलात मिळतात, म्हणून दुसऱ्या महिन्याचं व्याज 1,010 आणि तिसऱ्याचं 1,020.10. बारा महिन्यांची बेरीज 12,683, म्हणजे खरा दर जवळपास 12.68 टक्के.

पण यात एक गोष्ट लक्षात घ्या: जादाचे 683 चढतात ते फक्त थकलेल्या व्याजावर. दर महिन्याला 1,000 व्याज वेळेवर भरलंत, तर मुद्दल लाखावरच राहतं आणि वर्षाला 12,000 च जातात. हप्ते चुकवणाऱ्या सभासदालाच ही आकारणी खरी झोंबते. खातेउताऱ्यात व्याज कोणत्या तारखांना नावे पडलंय, ते पाहा.