अजरख आणि बांधणीची पहिली धुलाई: मीठ घालायचं का?

मृण्मयी_प: प्रदर्शनातून दोन गोष्टी घेतल्यात. एक अजरखचं कॉटन, नीळ, लाल आणि काळा असं, कुर्ता शिवायचाय, आणि एक लाल कॉटन बांधणी ओढणी पांढऱ्या ठिपक्यांची. सासूबाई म्हणतात दोन्ही रात्रभर मिठाच्या पाण्यात टाक, विकणारा म्हणाला नुसतं पाणी. शिवायच्या आधी धुवायचंच ना?

सुगरण७: मीठ नको, व्हिनेगर टाक, रंग पक्का होतो. माझ्या सिल्कच्या ओढणीला चाललं.

रंगारी_काका: सिल्कवर ॲसिड रंग असेल तर थोडाफार उपयोग होतो, कॉटनवर नाही. आणि अजरखला तर नकोच, कारण तो काळा लोखंडाच्या पाण्यातून येतो, आंबटाने फिका पडू शकतो. लिंबूही नको.
अजरखमधला लाल तुरटीवर बसतो, मंजिष्ठा असो की अलिझरिन, आणि कारागिरांच्याच हातून कापड बऱ्याचदा धुतलेलं असतं, म्हणून खरा अजरख असेल तर लाल सहसा सुटत नाही. निळीचं वेगळं, ती पाण्यात विरघळत नाही, धाग्यावर कणांसारखी बसते, वरची जास्तीची निघते, त्यामुळे पाणी निळं झालं तरी घाबरायचं नाही. शिवण्याआधी गार पाण्यात रिठ्याने एकटंच धुवा, कापड आटायचं तेही आटून जाईल.
बांधणीची मात्र काळजी घ्या. स्वस्त कॉटन बांधणीत बऱ्याचदा डायरेक्ट रंग असतो. रंगवताना मीठ घालतात ते रंग कापडात ढकलायला, म्हणून मिठाच्या पाण्यात तो कमी सुटतो आणि पुढच्या साध्या धुण्यात परत सुटतो. सासूबाईंचं अगदीच चूक नाही, पण रात्रभर नको, ओला रंग पांढऱ्या ठिपक्यांत शिरतो. झटपट बुडवा, पिळून ढीग करून ठेवू नका, लगेच सावलीत पसरा.

मृण्मयी_प: पण कुठला रंग आहे ते कळायचं कसं, दुकानदार तर सगळं नॅचरलच म्हणतो!

रंगारी_काका: कोपरा ओला करा, पांढऱ्या रुमालात ठेवून कोमट इस्त्री दाबा. रुमाल लाल झाला तर सुटणारा रंग. कोरडंच घासून निळं आलं तर ती सैल नीळ, बाकी छाप जागेवर राहते. आणि छाप वरच्याच बाजूला असेल, हाताला जाडसर लागत असेल तर तो पिगमेंट, तो पाण्यात जात नाही पण घड्यांवर झिजतो, म्हणून ब्रश मारू नका.

धारवाडकर: माझ्या बांधणीच्या बारीक चुण्या धुतल्यावर गेल्या, परत कशा आणायच्या?

सुगरण७: धाग्याचा विषय काय नि तुम्ही काय विचारताय 😄 त्या परत नाही येत, इस्त्रीनेही जातात.

मृण्मयी_प: रुमाल करून बघितला, अजरखचा लाल आला नाही, नीळ थोडी आली. ओढणीने मात्र रुमाल चक्क गुलाबी केला. बाजारात रंग पक्का करायचं फिक्सर मिळतं ते घालू का?

रंगारी_काका: डायरेक्ट रंगाला फायदा होतो, पण कधीकधी छटा बदलते. कोपऱ्यावर आधी बघा. तुमच्या लालचं काय होईल ते मला इथून सांगता येणार नाही.