मुंबई-नागपूर: सकाळी अर्धा तास, संध्याकाळी वीसच मिनिटं

> घड्याळ एकच, मग जूनमध्ये नागपुरात सूर्य मुंबईच्या अर्धा तास आधी उगवतो आणि मावळतो मात्र वीसेक मिनिटंच आधी, असं का?

कारण इथे दोन फरक एकमेकांत मिसळलेत. नागपूर मुंबईच्या साधारण ६.२ अंश पूर्वेला आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात, म्हणजे नागपूर जवळजवळ २५ मिनिटं पुढे. हा रेखांशाचा हिशेब. तो बारा महिने तोच राहतो आणि उगवती-मावळती दोन्हींना सारखाच लागू होतो.

दुसरा फरक अक्षांशाचा. मुंबई १९ अंशांवर, नागपूर २१ च्या थोडं वर. २१ जूनच्या सुमारास उत्तरेकडचा दिवस मोठा असल्याने नागपूरचा दिवस मुंबईपेक्षा साधारण ८ मिनिटांनी लांब. ही ८ मिनिटं दोन टोकांना निम्मी-निम्मी वाटली जातात: सकाळी ४ मिनिटं लवकर, संध्याकाळी ४ मिनिटं उशिरा. म्हणून सकाळचा फरक २५ अधिक ४, म्हणजे २९ आणि संध्याकाळचा २५ उणे ४, म्हणजे २१.

डिसेंबरात हेच उलटं होतं. नागपूरचा दिवस तेवढाच लहान, त्यामुळे सकाळी २१ आणि संध्याकाळी २९. पडताळायचं असेल तर २१ मार्चच्या आसपासच्या वेळा बघा, दोन्हीकडे २५ च्या जवळपासच येईल. फक्त दोन्ही शहरांच्या वेळा एकाच ठिकाणाहून घ्या. भिंतीवरच्या कॅलेंडरात बहुधा एकाच शहराची वेळ छापलेली असते (आणि आपण ती बिनदिक्कत गावभर वापरतो!).